‘नळ्या नकोत’ एवढं लिहून पुरतं का? : वाचकांचे प्रश्न

वडील ७८ वर्षांचे. सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे, गेल्या वर्षी दोनदा आयसीयूत होते. ‘मला पुन्हा नळ्या लावू नका’ म्हणतात. हे एका वाक्यात लिहून नोटरी करून घेतलं तर चालेल?

स्वतः बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेल्या अशा कागदाला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. नोटरी करता येईल, पण ऐनवेळी त्या एका वाक्याचा उपयोग होईलच असं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरला नेमकी कोणती नळी ते कळायला हवं. सलाइनची? लघवीची? की घशातून फुफ्फुसांकडे जाणारी? शिवाय ती कधी नको?

समजा, वडिलांना उद्या न्यूमोनिया झाला. सीओपीडीत अशा वेळी घट्ट मास्कवाटे श्वासाला आधार देणारं बायपॅप मशीन दोन-चार दिवस लावून माणूस चालत घरी येऊ शकतो. ‘मशीन नको’ असं सरसकट लिहिलंत तर ती संधीही जाईल. म्हणून आधी वडिलांना विचारा, गेल्या वेळी सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला? माझ्या अनुभवात बरेच जण म्हणतात, ‘हात बांधले होते आणि बोलता येत नव्हतं.’ म्हणजे त्यांचा नकार घशातल्या नळीला असतो, मास्कला नाही.

मग मजकूर असा होतो: ‘माझा फुफ्फुसांचा आजार बरा होण्यासारखा राहिलेला नाही असं डॉक्टरांचं मत असेल आणि मला स्वतः निर्णय सांगता येत नसेल, तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावू नये. हृदय थांबल्यास सीपीआर करू नये. बायपॅप लावून पाहावं. तीन दिवसांत फरक पडला नाही तर काढावं. धाप आणि घाबरेपणा कमी करणारं औषध द्यावं, त्यामुळे गुंगी आली तरी चालेल.’ तीन दिवस हा नमुना आहे; आकडा त्यांच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सीपीआर नको म्हटलं की डॉक्टर पेशंटकडे बघतच नाहीत, असं ऐकलं आहे. खरं का?

ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून तर ‘काय नको’च्या शेजारीच ‘काय हवं’ हेही लिहायचं.

सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबणं. म्हातारपणी त्यात बरगड्या मोडणं नवलाचं नाही. फुफ्फुसं संपत आल्यामुळे हृदय थांबलं असेल, तर ते पुन्हा सुरू झालं तरी फुफ्फुसं तशीच राहतात, आणि पुढचा मुक्काम बहुधा व्हेंटिलेटरवरच होतो. सीपीआरला दिलेला नकार तेवढ्याच कृतीपुरता असतो. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणं, तोंड ओलं ठेवणं, धापेसाठी अल्प मात्रेत मॉर्फिन, हे सगळं चालू राहतं. कुठे थांबल्यासारखं वाटलं तर सरळ विचारा, ‘धापेसाठी आत्ता काय चालू आहे?’

आणखी एक घोळ नेहमी होतो. घरचा कागद आणि दवाखान्यातला ‘डीएनएआर’, म्हणजे सीपीआर करू नये असा आदेश, वेगळे. आदेश उपचार करणारा डॉक्टर फाइलमध्ये लिहितो. ॲडमिट करतानाच कागद दाखवून त्याबद्दल विचारा. प्रत्येक वेळी, नव्याने.

सही कुणासमोर करायची? अमेरिकेतला भाऊ तयार नाही, त्याचीही सही लागेल का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली या कागदाला मान्यता दिली, पण तेव्हा दंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. साक्षीदार शक्यतो घरचे नसावेत. कागदाची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी.

भावाची सही लागत नाही. मात्र वडील स्वतः बोलू शकणार नाहीत तेव्हा त्यांच्या वतीने संमती कोण देणार, त्याचं नाव कागदात हवं. एकाहून अधिक नावंही देता येतात. ठाम राहू शकेल आणि तासाभरात पोचू शकेल असा माणूस निवडा. तो थोरला मुलगाच असला पाहिजे असं नाही. भावाला मात्र व्हिडिओ कॉलवर वडिलांच्याच तोंडून ऐकू द्या. विमानतळावरून थेट आयसीयूत आलेल्या मुलाला कागद दाखवून पटत नाही, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

चालू उपचार काढायचे किंवा थांबवायचे असतील तर कागद दाखवला आणि झालं, असं होत नाही. आधी रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ आणि मग दुसरं मंडळ पाहतं; दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे, आणि अंमलबजावणीपूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

रात्री दोनला घरीच धाप लागली तर? कागद तर कपाटात.

ॲम्ब्युलन्सचे लोक कागद वाचत बसणार नाहीत, हृदय थांबलेलं असेल तर ते सीपीआर सुरू करतील. वडिलांना घरीच राहायचं असेल, तर धापेची औषधं घरात कोणती ठेवायची, किती द्यायची आणि रात्री कुणाला फोन करायचा, हे पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तो कागद कपाटात नको, फ्रिजच्या दारावर लावा. मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील तेही आत्ताच विचारून ठेवा. पहाटे चार वाजता डॉक्टर शोधत फिरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.