हृषीकेश या नावाची फोड कशी करायची?

प्रश्न : मुलाचं नाव हृषीकेश ठेवलंय. कुणी म्हणतं ‘ऋषींचा ईश’, कुणी म्हणतं ‘सुंदर केस असलेला’. खरा अर्थ कुठला? आणि ऋषिकेश लिहिलं तर चालेल का?

उत्तर : सगळा घोळ त्या ‘के’मुळे होतो. संस्कृतात अ किंवा आ या स्वरापुढे इ किंवा ई आली की दोन्ही मिळून ए होतो, हा गुणसंधी. त्यामुळे नावाच्या शेवटी ‘केश’ दिसला की दोन शक्यता तपासायच्या : तो मुळातच केश आहे, की क + ईश जुळून तसा दिसतोय?

आता दुसरी फोड करून पाहा : हृषीक + ईश. डावीकडे उरलेला तुकडा स्वतंत्र शब्द आहे का, हे आधी बघायचं. हृषीक म्हणजे इंद्रिय. अमरकोशात हा शब्द याच अर्थाने आहे. मग विग्रह होतो ‘हृषीकाणाम् ईशः’, म्हणजे इंद्रियांचा स्वामी. षष्ठी तत्पुरुष समास. षी दीर्घ का, तेही इथेच कळतं : मूळ शब्दातच तो दीर्घ आहे.

गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘एवमुक्तो हृषीकेशो गुडाकेशेन भारत’ अशी ओळ आहे. कृष्ण हृषीकेश, अर्जुन गुडाकेश. गुडाका म्हणजे झोप. गुडाका + ईश, झोपेवर ताबा असलेला. आ + ई = ए, म्हणजे संधी तोच. याउलट शंकराचं व्योमकेश हे नाव घ्या. तिथे व्योमक + ईश करून काही अर्थ लागत नाही. व्योमन् + केश अशीच फोड करावी लागते. समासात न् गळतो आणि बहुव्रीही होतो : आकाश हेच ज्याचे केस आहेत असा तो.

‘ऋषींचा ईश’ मात्र संधीतच बसत नाही. ऋषि + ईश यांचा संधी ऋषीश होईल, कारण इ + ई = ई. मधला ‘क’ येणार कुठून? ऋषिकेश असं लिहिलं तर सरळ वाचन ‘ऋषीचे केस’ असं होतं. उत्तराखंडातल्या गावाचं नाव तसं लिहितात, ते रूढ झालंय म्हणून. मुलाच्या जन्मदाखल्यावर मात्र हृ आणि दीर्घ षी आहे ना, हे नीट बघून घ्या. टंकताना हृ ऐवजी ऋ सहज पडतो.

केसांचा अर्थ सांगणाऱ्यांना मात्र मी चूक म्हणणार नाही. महाभारतात सूर्य-चंद्राचे किरण हे देवाचे केस आणि ते जगाला हर्ष देतात, अशीही या नावाची उपपत्ती आहे. विष्णुसहस्रनामावरच्या शांकरभाष्यात इंद्रियांचा आणि केसांचा, दोन्ही अर्थ दिलेत. मी इंद्रियांचाच धरतो, कारण त्यात प्रत्येक अक्षराचा हिशेब व्याकरणाने सरळ लागतो. केसांच्या अर्थासाठी ‘हृषी’ हे रूप वेगळं समजावून सांगावं लागतं.