झूम म्हणजे कात्री

प्रश्न: फोटोतला एक कोपरा एआयला ‘झूम करून नीट बघ’ म्हटलं तरी ते पुन्हा तेच चुकीचं का वाचतं?

कारण त्याच्याकडे झूम करायला काही उरलेलंच नसतं. माझंच सांगतो. पेडण्याच्या आमच्या जमिनीचा हाताने लिहिलेला जुना एक-चौदाचा उतारा काकांनी ट्रंकेतून काढला. मी मोबाइलवर फोटो घेतला, ४००० बाय ३००० पिक्सेलचा, आणि सर्व्हे नंबर विचारला. उत्तर आलं 87/8. खरा आहे 87/3. ‘नीट बघ’ म्हटलं, तर माफी मागून पुन्हा 87/8!

मी वापरतो ते मॉडेल मोठा फोटो आत घेतानाच लांब बाजू १५६८ पिक्सेलवर आणतं, म्हणजे सुमारे अडीच पटीने लहान करतं. कागदावरचा तो आकडा मूळ फोटोत जेमतेम ३० पिक्सेल उंच होता, तो १२ वर आला. 3 ची डावी बाजू उघडी असते आणि 8 ची बंद. ती उघडी फट चार पिक्सेलची होती, तिचा दीड पिक्सेल राहिला आणि शाईच्या रंगात मिसळून गेला. आता कितीही विनवण्या करा, मॉडेल त्याच लहान झालेल्या चित्राकडे पुन्हा बघणार. मूळ फाइल त्याच्यासमोर नसतेच.

मग मी गॅलरीत जाऊन मूळ फोटोतून तेवढाच भाग कापला, साधारण १००० बाय ७००, आणि नवा फोटो म्हणून पाठवला. हा तुकडा मर्यादेच्या आत बसतो, त्यामुळे लहान होत नाही आणि आकडा ३० पिक्सेलचा ३० च राहतो. या वेळी 87/3 बरोबर आलं. काही ॲपमध्ये मॉडेलच्या हाताशी क्रॉपचं साधन असतं. तिथेही हेच घडतं, फक्त कात्री त्याच्या हातात असते.

एकदा मी हावरटपणे नुसता आकडाच कापला, तर तो कुठल्या रकान्यातला हेच त्याला कळेना. रकान्याचं शीर्षक तुकड्यात राहू द्या. तुकडा नव्या चॅटमध्ये टाका, कारण आधीचं चुकीचं उत्तर वर दिसत असलं की ते त्यालाच चिकटून राहतं. आणि ‘हा 3 आहे ना?’ असं विचारू नका, लगेच मान डोलावतं.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र बहुधा वाटेतच लहान झालेला असतो. तो कापून, ताणून मोठा केलात तरी गेलेली फट परत येत नाही. तुकडा आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुम्हालाच 3 की 8 कळत नसेल, तर कागद उजेडात धरून जवळून दुसरा फोटो घ्या.