जास्त कॅशचा प्रोसेसर गेमिंगसाठी घ्यावा का?

रायझन ७७००एक्स घेऊ की महागडा ७८००एक्सथ्रीडी? जास्त कॅशचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या वेगवान मेमरीचे, पैसे वसूल होतात का?

आधी एक चाचणी करा. आत्ताच्या पीसीवर तुमचा नेहमीचा गेम ७२०पीवर चालवा. एफपीएस भरपूर वाढले, तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा आहे. पैसे तिकडे घाला. जेमतेम वाढले, तर प्रोसेसर कमी पडतोय, आणि तिथे कॅश कामी येऊ शकते.

दोघांनाही आठच कोअर, पण ७८००एक्सथ्रीडीची एल३ कॅश ३२ऐवजी ९६ एमबी. लागणारा डेटा कॅशमध्ये सापडला नाही की कोअर रॅमची वाट बघत ताटकळतो. फ्लाइट सिम्युलेटरसारख्या गेममध्ये हे सतत घडतं, म्हणून तिथे फरक ठळक दिसतो. ४केवर मात्र बहुतेकदा कार्डच दमतं. व्हिडिओ एन्कोडिंगसाठी तर जास्त क्लॉकचा ७७००एक्सच बरा.