बिडी सोडल्यावर डोकं जास्त दुखतंय

"दादा, अर्धशिशी जुनी आहे. बिडी सोडून पाच दिवस झाले, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतंय. परत चालू करू का?"

नको भाऊ, चालू करू नको. आधी हे दुखणं कोणतं आहे ते ओळख. मी दिवसाला एक बंडल ओढायचो. सोडल्यावर दुसऱ्या दिवसापासून कपाळाला दोन्हीकडून फडकं आवळून बांधल्यासारखं दुखायला लागलं. माझी अर्धशिशी तशी नव्हती. ती डाव्या डोळ्याच्या मागून ठणकायची, मळमळायचं, दाराच्या फटीतला उजेडही सहन व्हायचा नाही. आवळल्यासारखं दुखतं ते बहुतेक निकोटीन तुटल्याचं. पहिल्या आठवड्यात त्याचा जोर असतो, मग दोन-चार आठवड्यांत उतरतं.

रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून सकाळी उठल्या उठल्या डोकं जड असतं आणि पहिल्या झुरक्याने हलकं वाटतं. बिडीने डोकं थांबतं असं आपण समजतो, पण रात्रभर बिडी नसल्यानेच ते चढलेलं असतं. अर्धशिशीवाल्या मेंदूला असे चढउतार सोसत नाहीत.

माझं खरं चुकलं ते चहात. बिडीच्या धुरामुळे लिव्हर चहातलं कॅफिन लवकर फोडतं. बिडी बंद झाली की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मी तर बिडीची तलफ आली की चहा मांडायचो, सहाचे नऊ कप झाले. छातीत धडधड, झोप नाही, आणि झोप मोडली की अर्धशिशी ठरलेली. मग दोन-तीन दिवसांत कप निम्मे केले. एकदम बंद करू नको, त्यानेही डोकं उठतं.

आणि बिडीच्या जागी खर्रा धरू नको. आपल्याकडे बरेच जण तेच करतात. धूर जातो, निकोटीन तसंच राहतं.

कॅलेंडरवर रोज खूण कर: दुखणं एका बाजूचं की आवळल्यासारखं, गोळी घेतली का. महिन्यात दहापेक्षा जास्त दिवस गोळी लागत असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, डॉक्टरला ते कॅलेंडर दाखव. माझे महिन्याला सहा झटके यायचे, चौथ्या महिन्यापासून तीनवर आले. सगळ्यांचे कमी होतीलच असं नाही, उन्हातान्हात उपाशी राहिलो की मला अजून येतो.

झटक्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा दिसत असतील तर डॉक्टरला नक्की सांग. अशा अर्धशिशीत बिडीमुळे लकव्याचा धोका आणखी वाढतो. घरात बाईमाणसाला असं होत असेल आणि ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असेल, तर तिनेही विचारून घ्यावं. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात उचलेना किंवा डोकं एकदम फुटल्यासारखं दुखलं, तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

तलफ फारच छळली तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.