पानभर जाहिरात आणि मुंगीएवढ्या अटी

प्रश्न : जिल्ह्याच्या ठिकाणी आमची चारचाकीची डीलरशिप आहे. गेल्या दसऱ्याला पानभर जाहिरात दिली होती, ‘१ लाखापर्यंत फायदे*’. एका ग्राहकाला प्रत्यक्षात ४० हजारच मिळाले. आता त्याच्या वकिलाची नोटीस आलीय, उरलेले ६० हजार आणि मनस्तापाचे ५० हजार मागतोय. अटी खाली छापलेल्या होत्या. पाडव्याचं पान शुक्रवारी छापायला जायचंय आणि डिझायनरने ते त्याच साच्यात केलंय : वर ‘फक्त ७.४९ लाखांत घरी न्या*’, मध्ये सनरूफवाल्या गाडीचा मोठा फोटो, त्याखाली पुन्हा तेच १ लाखाचे फायदे, तळाला इंग्रजीत अटी. सगळेच डीलर असं छापतात. पानात काय बदलू आणि नोटिशीचं काय करू? दोन्ही पानं, कोटेशन आणि स्कीमचा तपशील सोबत जोडलाय.

उत्तर : दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. आधी पाडव्याचं पान घेतो, कारण ते अजून आपल्या हातात आहे. नोटिशीवर शेवटी बोलू.

मथळ्यात माझा आक्षेप ‘७.४९’ला नाही, ‘घरी न्या’ या दोन शब्दांना आहे. ७ लाख ४९ हजार ही एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे ८२ हजारांच्या वर. त्यात विमा आणि नोंदणी धरून तुमच्याच कोटेशनमध्ये ऑन-रोड आकडा ८ लाख ७४ हजार आहे. थोडक्यात, ७.४९ लाखांत ही गाडी कुणाच्याच घरी जात नाही. तळाला ‘किंमत एक्स-शोरूम’ असं लिहून ही चूक भरून निघत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. डिस्क्लेमरने मूळ दाव्याचा खुलासा करावा, त्याच्या विरोधात जाऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. दावाच चुकीचा असेल तर तो डिस्क्लेमरने दुरुस्त करता येत नाही, हेही आहे. मथळा एक सांगतो आणि तळटीप त्याच्या उलट, हा प्रकार त्यात थेट बसतो. ‘एक्स-शोरूम ७.४९ लाखांपासून’ असं छापा. ‘एक्स-शोरूम’ हा शब्द मथळ्याच्याच ओळीत हवा, आकड्याला चिकटून. ‘फक्त’ राहिला तरी माझी हरकत नाही, पण घर काढा.

आता फोटो. सनरूफ आणि अलॉय चाकं असलेली लाल गाडी ही टॉप मॉडेल, किंमत ११ लाखांच्या पुढे. तिच्या बोनेटवर, अगदी गाडीला टेकून, ७.४९चा गोल स्टिकर लावलाय. पान उलटणारा माणूस चित्र आणि आकडा एकत्रच वाचतो. त्याच्या मनात हीच गाडी याच किमतीला असते. मग तळाला ‘चित्रातील गाडी प्रातिनिधिक आहे’ असं लिहिणं म्हणजे पुन्हा मूळ दाव्याला छेद देणं. दोन सरळ वाटा आहेत : बेस मॉडेलचाच फोटो घ्या, किंवा टॉप मॉडेल ठेवून तिच्या चाकांखाली तिचं नाव आणि तिची किंमत ठळक छापा आणि ७.४९ हा आकडा बेस मॉडेलच्या नावासकट वेगळ्या चौकटीत न्या. विक्रीच्या दृष्टीने तुम्ही दुसरी वाट घ्याल हे मला दिसतंय. घ्या, पण स्टिकर बोनेटवरून उचला.

‘फोटोवरून कोण कोर्टात जातं’ असं डिझायनर म्हणेल. जाहिरातीत गाडी जशी रंगवली तशी ती निघाली नाही, यावरून जनरल मोटर्सचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. गाडी खडबडीत, बिनरस्त्याच्या प्रवासाला योग्य असल्याचं सांगितलं गेलं आणि तशी ती नव्हती, ही ग्राहकाची तक्रार. राष्ट्रीय आयोगाने कंपनीवर २५ लाखांची दंडात्मक नुकसानभरपाई बसवली. ती २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, पण कारण लक्षात घ्या : तक्रारीत ती मागितलेलीच नव्हती. जाहिरातीला क्लीन चिट मिळाली म्हणून नव्हे.

सगळ्यात अडचणीची जागा १ लाखाचे फायदे हीच आहे, आणि नोटीसही तिच्यावरूनच आली. स्कीमचा तपशील वाचला : रोख सवलत २५ हजार, जुनी गाडी दिल्यास एक्सचेंज बोनस ३० हजार, जुनी गाडी भंगारात काढल्यास स्क्रॅपेज बोनस २० हजार, ठरावीक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना १० हजार, अ‍ॅक्सेसरीज १५ हजारांच्या. बेरीज बरोबर १ लाख. पण त्याच कागदावर लिहिलंय की एक्सचेंज आणि स्क्रॅपेज एकत्र मिळणार नाहीत. म्हणजे सगळ्यात नशीबवान ग्राहकालाही ८० हजारच मिळतात आणि जुनी गाडी नसलेल्या साध्या माणसाला ४०. ‘पर्यंत’ हा शब्द तुम्हाला तेव्हाच वाचवतो, जेव्हा त्या टोकाला पोहोचणारा एक तरी खरा ग्राहक असू शकतो. इथे कुणीच पोहोचत नाही. हा आकडा तळटीप कितीही मोठी केली तरी टिकणार नाही. तो पानावरून जायलाच हवा.

त्याऐवजी मी असं मांडीन : मोठ्या अक्षरांत ‘प्रत्येक ग्राहकाला २५,००० रुपये रोख सवलत’. त्याखाली निम्म्या आकारात ‘जुनी गाडी दिल्यास आणखी ३०,०००’. त्याखाली तशीच ओळ कर्मचाऱ्यांसाठी, आणि पात्र कंपन्यांची यादी शोरूममध्ये मिळेल हे तिथेच. अट फायद्याच्याच ओळीत आली की तारांकनाची गरज संपते आणि तळाची गर्दीही कमी होते. अ‍ॅक्सेसरीजना ‘मोफत’ म्हणायचं असेल तर त्यांची किंमत किंवा बसवण्याची मजुरी बिलात दुसऱ्या नावाने येता कामा नये. त्या सूचनांनुसार, वस्तूसाठी हाताळणी किंवा प्रशासकीय खर्च घेतला तर तिला मोफत म्हणता येत नाही. तुमच्या कोटेशनमध्ये ‘फिटिंग चार्जेस १,८००’ दिसतात. ते काढा, नाहीतर ‘मोफत’ काढा.

राहिली तळटीप. पान साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि ५२ उंच. त्यात अटींना जेमतेम एक सेंटिमीटरची पट्टी, गडद निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, इंग्रजीत. पहिली चूक भाषेची. दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमरही त्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा, असं त्या सूचना सांगतात. मराठी मथळा आणि इंग्रजी अटी ही जोडी त्यामुळे पहिल्या फेरीतच बाद होते.

दुसरी चूक वाचनीयतेची. तिथे किमान अमुक पॉइंट असा आकडा नाही, कसोटी आहे : साधारण दृष्टीच्या माणसाला योग्य अंतरावरून, नेहमीच्या वेगाने, एकदा वाचून अटी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. चार रंगांच्या छपाईत एखादी प्लेट केसभर जरी सरकली, तरी गडद पट्टीतली बारीक पांढरी अक्षरं बुजतात. देवनागरीत आधी अनुस्वार आणि रफार जातात, मग ‘वर्षं’ आणि ‘वर्ष’ यांतला फरक कुणालाच कळत नाही. म्हणून अटी पांढऱ्या जागेवर, एकाच काळ्या शाईत. पट्टी पाच-सहा सेंटिमीटर करा. जागा फोटोतल्या आकाशातून काढा, तिथे नुसते ढग आहेत.

आणि प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून ‘ओके’ करू नका. मोबाइलवर सगळं दोन बोटांनी मोठं होतं, छापील पान होत नाही. खऱ्या आकाराचा प्रिंट काढा, हाताच्या अंतरावर धरा आणि ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा कुणालातरी, समजा अकाउंट्समधल्या बाईंना, एकदाच वाचायला द्या. पान खाली ठेवून त्यांना विचारा, ऑफर कधीपर्यंत आहे? सध्या पानावर ‘मर्यादित काळासाठी’ एवढंच आहे. कंपनीची स्कीम ३१ मार्चला संपत असेल तर तीच तारीख छापा.

साठ्याचं दोन ओळींत सांगतो. बेस मॉडेलच्या फक्त ६ गाड्या तुमच्याकडे आहेत. जाहिरात बघून त्यापेक्षा जास्त लोक येतील असा अंदाज असेल तर साठा मर्यादित आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. ‘या किमतीच्या ६ गाड्या उपलब्ध’ असं छापा, आणि त्या सकाळच्या स्टॉक शीटची प्रत फाइलला लावा. गाडी विकायचीच नाही, फक्त माणूस शोरूममध्ये ओढायचा, या प्रकाराला त्या सूचनांत आमिषाची जाहिरात म्हटलंय.

कंपनीने आर्टवर्क पाठवलं, ही ढाल फार पातळ आहे. किमतीची पट्टी, फायद्यांची बेरीज आणि साठा तुमचा आहे. जाहिरात थांबवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश विक्रेत्यालाही देता येतो. १० लाखांपर्यंतच्या दंडाच्या तरतुदीत उत्पादकाचं नाव थेट आहे, शिवाय जाहिरात प्रसिद्ध करण्यात सहभागी असलेल्यालाही तेवढा दंड होऊ शकतो. सगळेच असं छापतात, हा बचाव मी कुणाच्याही वतीने करणार नाही.

आता नोटीस. जाहिरात हा प्रस्ताव नसतो, प्रस्तावासाठीचं आमंत्रण असतं, हे करार कायद्याचं जुनं तत्त्व तुमच्या बाजूने आहे. त्यामुळे ‘छापलेल्या १ लाखातले उरलेले ६० हजार द्या’ अशी कराराची मागणी टिकायला अवघड. पण ग्राहक आयोगात प्रश्न कराराचा नसतो, अनुचित व्यापारी प्रथेचा असतो, आणि तिथे तुमची कुणालाच न मिळणारी बेरीज वकिलाने पाच मिनिटांत मांडली की तुमच्याकडे उत्तर नाही. दसऱ्याच्या पानावरही हीच बेरीज होती.

त्या ग्राहकाची फाइल काढा : बुकिंग फॉर्म, सही केलेलं कोटेशन, बिल, आणि तुमच्या सेल्समनने त्याला पाठवलेले मेसेज. ते डिलीट करायला कुणाला सांगू नका. सही केलेल्या कोटेशनवर ४० हजार स्पष्ट असतील तर माणसाने माहीत असून गाडी घेतली, असं म्हणता येईल. पण ‘लाख मिळवून देतो साहेब’ असा एखादा मेसेज निघाला, तर तो मला आधी कळू द्या.

माझा सल्ला तडजोडीचा आहे. नोटिशीतल्या मुदतीत उत्तर द्या; त्याला कोणते फायदे लागू होते आणि का, याचा हिशेब मांडा; चूक कबूल न करता, तुमचे हक्क राखून, एक रक्कम देऊ करा. त्याच्याकडे जुनी गाडी नव्हती, तेव्हा त्याचा खरा तोटा ६० हजारांचा नाही. मी २० हजारांपासून बोलणं सुरू करीन आणि त्या पैशांची पावती ‘पूर्ण व अंतिम समझोता’ म्हणून लिहून घेईन. तक्रारीसाठी त्याच्याकडे दोन वर्षं आहेत, त्यामुळे गप्प बसून प्रकरण विरणार नाही. आयोगाची नोटीस आलीच तर उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे मुदत मिळत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलंय.

शुक्रवारच्या आधी सुधारलेला प्रिंट मला पाठवा, पीडीएफ नको, कागदच द्या. आणि दसऱ्याच्या त्या वर्तमानपत्राच्या दोन मूळ प्रती जपून ठेवा. घडी घालताना अटींची पट्टी घडीत येणार नाही एवढं बघा.