लॉक-इन मोडला, म्हणून सगळी अनामत बुडाली का?

प्रश्न : वकीलसाहेब, जळगावात महाबळ भागात १ जूनपासून अकरा महिन्यांच्या करारावर राहत होतो. भाडं ९,००० रुपये, अनामत ३०,०००, लॉक-इन सहा महिन्यांचा, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही. कंपनीने शहाद्याला बदली केली. १ ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगून ३१ ऑगस्टला घर सोडलं. घरमालक म्हणतात, करारात लिहिलंय, अनामत जप्त आणि वर तीन महिन्यांचं भाडं २७,००० द्या. १६ ऑक्टोबरपासून त्या घरात ८,५०० रुपयांवर दुसरं कुटुंब राहतंय. करार पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला आहे. काय करू?

उत्तर : आधी कडू घोट. करार तुम्हीच मोडला आहे. तुम्ही महिनाभर आधी सांगितलंत खरं, पण एक महिन्याच्या नोटिशीची अट लॉक-इन संपल्यावर लागू होते, आणि बदली झाली तर सूट असं करारात नसेल, तर बदली हे तुमचं कारण, घरमालकांचं नाही. म्हणून ३०,००० पूर्ण परत मागायला जाऊ नका, तिथेच बोलणी तुटतील.

पण घरमालकांचा हिशेबही चालणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती कमाल मर्यादा आहे. तिच्या आत न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे स्पष्ट केलं : नुकसानच झालं नसेल, तर ठरलेली रक्कम जप्त करता येत नाही. नुकसान सिद्ध करणं अवघड असेल, तिथे लिहिलेल्या वाजवी आकड्याचा आधार घेता येतो. रिकाम्या घराचं भाडं मात्र बोटांवर मोजता येतं.

मग मोजूच. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपत होता. घर १ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर रिकामं राहिलं, म्हणजे दीड महिना, १३,५०० रुपये. पुढच्या दीड महिन्यात नव्या भाडेकरूकडून दरमहा ५०० कमी मिळाले, ७५० रुपये. एकूण १४,२५०. तुमचं शेवटचं वीजबिल थकलं असेल, तर तेही त्यात धरा. समजा ते ८५० रुपये असेल, तर १५,१०० झाले. उरलेले १४,९०० तुमचे. दलाली दिल्याचं त्यांनी म्हटलं, तर पावती मागा. तरी माझं मत असं की अकरा महिन्यांनंतर ती त्यांना तशीही द्यावीच लागली असती. घर रिकामं आणि नवीन भाडेकरूचं भाडं खिशात, असे दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. शिवाय कलम ७३ नुसार नुकसान कमी करायला त्यांनीही हातपाय हलवायला हवे होते. तुमचा १ ऑगस्टचा मेसेज इथे कामी येतो : गिऱ्हाईक शोधायला त्यांना महिनाभर आधी कळलेलं होतं.

हा हिशेब उभा राहतो नव्या भाडेकरूच्या तारखेवर, आणि घरमालक ती तारीख पुढे ढकलतील. महावितरणचा त्या मीटरचा ग्राहक क्रमांक तुमच्या जुन्या बिलावर असेलच. सप्टेंबरचं बिल जवळजवळ शून्य युनिटचं आणि पुढच्या बिलात युनिट चढलेले असले, तर बरंच काही कळतं. चावी दिल्याची पावती घेतली नसेल, तर आता निदान चावी दिल्याची तारीख लिहून मेसेज टाका आणि त्यावरचं उत्तर जपा. घर सोडताना मीटरचा फोटो काढणारे माझ्याकडे फार क्वचित येतात, आणि ते सहसा जिंकतात.

आता नोटरीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकांची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी नसली तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं मान्य होतं, अन्यथा सिद्ध होईपर्यंत. यावरून लॉक-इन नव्हताच, असं मात्र म्हणू नका. सही तुमची आहे आणि तुमचे मेसेज तेच सांगतील. हे कलम बोलणीत वजन म्हणून वापरा. नोंदणी न केलेल्या कागदावर कोर्टात जायला घरमालकही कचरतील.

पुढची पायरी साधी आहे. वरचा हिशेब आकड्यांसह लिहून स्पीड पोस्टाने पोच झाल्याच्या पुराव्यासह पाठवा आणि पंधरा दिवसांत १४,९०० मागा. उत्तर आलं नाही तर लगेच दावा नको, या रकमेपायी शहादा-जळगाव खेपाच महाग पडतील. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा, म्हणजे प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं. पैसे परत मागायची मुदत साधारण तीन वर्षं आहे, तेव्हा घाईने कमी रकमेवर 'सर्व हिशेब चुकता' अशी सही करू नका.