औषधी शॅम्पू बंद केला की कोंडा परत का येतो?

प्रश्न: फोंड्यात राहतो. केटोकोनॅझोलने कोंडा जातो, पण शॅम्पू सोडला की महिन्याभरात पुन्हा हजर. सारखा शॅम्पू बदलत राहू का?

उत्तर: कोंड्यामागची मॅलासेझिया ही बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर कायम असते आणि तेलकटपणावर पोसली जाते. शॅम्पू तिची संख्या घटवतो, मुळासकट काढत नाही. त्यात आपल्याकडचा दमटपणा, हेल्मेटखालचा घाम आणि वर रात्रभर चोपडलेलं खोबरेल! ते तेल आधी थांबवा.

२% केटोकोनॅझोल आठवड्यातून दोनदा, समजा बुधवारी आणि रविवारी, चार आठवडे लावा. फेस केसांना नव्हे, टाळूला चोळा आणि ३ ते ५ मिनिटं ठेवून धुवा. बहुतेकांचं इथेच चुकतं, लावला की लगेच धुतात. कोंडा गेला की बंद न करता फक्त रविवारचा चालू ठेवा, मधे साधा शॅम्पू.

दर बाटलीला औषध बदलायची गरज नाही. नीट वापरूनही महिन्याभरात फरक दिसेना, तरच सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिओनवर जा. जाड खपल्या असतील तर आधी सॅलिसिलिक ॲसिडवाला, म्हणजे औषध कातडीपर्यंत पोचेल. खपल्या चंदेरी असून कपाळावर उतरत असतील तर सोरायसिस असू शकतो, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.